दुधाचा पेला आणि रविवारची मोजणी

मागच्याच्या मागच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाशिकला बहिणीच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळे चहा-फराळाला बसलो होतो. माझी एकोणीस वर्षांची भाची दुधाचा पेला उचलणार, तोच तिच्या आजींनी तो मायेने बाजूला सरकवला. "दूध नको घेऊस गं, किती पुळ्या आल्यात चेहऱ्यावर. त्यापेक्षा हे खा," असे म्हणून त्यांनी शंकरपाळ्यांची वाटी तिच्यापुढे ठेवली. भाची काही बोलली नाही. तिने केस पुढे ओढून गाल झाकून घेतला आणि एक शंकरपाळे तोंडात टाकले. आजींच्या बोलण्यात काळजीच होती, दुखावण्याचा हेतू मुळीच नव्हता, हे तिलाही कळत होते आणि मलाही. तरी ते दृश्य माझ्या मनातून जाईना. तिथे बसलेल्या प्रत्येकाचे या विषयावर ठाम मत होते. कोणी तळण टाळायला सांगितले, कोणी चॉकलेट, कोणी पोट साफ ठेवायला. पण ते मत खरे की खोटे, हे या मुलीच्या बाबतीत कसे ठरवायचे, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

तो तिनेच विचारला. ती पुण्याला शिकते आणि माझ्याकडेच राहते. परतीच्या बसमध्ये, सिन्नर मागे पडल्यावर, खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मावशी, दुधाने होतं का गं हे? की गोडाने? मी नेमकं काय बंद करू?" मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. त्वचेची डॉक्टर नाही. पण हा प्रश्न अर्धा त्वचेचा असला तरी अर्धा मोजणीचा होता, आणि त्या अर्ध्या भागाला मी बांधील होते.

आमच्या लहानपणी याचे उत्तर ऋतूवर ढकलले जाई. वैशाखात आंबे आले की मोठ्या बहिणींच्या कपाळावर मुरूम येत आणि आजी म्हणे, "उष्ण पडलं." मग आंबे तासभर बादलीतल्या पाण्यात ठेवायचे, रात्री सब्जा भिजत घालायचा, चेहऱ्यावर मुलतानी मातीचा लेप लावून ती कोरडी होऊन ओढली जाईपर्यंत हसायचे नाही. त्या मातीचा पहिल्या पावसासारखा वास मला अजून आठवतो. पण त्याच आजीच्या हाताने साय-हळदही चेहऱ्याला लागे आणि रात्री दूध प्यायल्याशिवाय झोपू दिले जात नसे. दुधाकडे कोणी संशयाने पाहिले नव्हते. आंब्याबद्दलचे ते निरीक्षण मात्र मला आज पूर्ण चुकीचे वाटत नाही. त्यातला उष्णतेचा भाग बाजूला ठेवला, तरी जेवणात रोज वाटीभर आमरस, त्यातही वरून साखर, असे महिनाभर चालले की शरीरात काहीतरी बदलत असणारच.

काय बदलत असेल, याचे आज बऱ्यापैकी स्वीकारले गेलेले स्पष्टीकरण असे आहे. साखर, मैदा, साबुदाणा, पांढरा पाव असे लवकर पचणारे पदार्थ खाल्ले की रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि तिला आवरण्यासाठी इन्सुलिन मोठ्या प्रमाणात स्रवते. वाढलेल्या इन्सुलिनमुळे आयजीएफ-1 नावाच्या वाढीच्या संप्रेरकाचा परिणामही वाढतो. ही दोन्ही तैलग्रंथींना अधिक तेल तयार करायला लावतात, केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींची वाढ वेगाने करतात आणि तारुण्यात आधीच वाढलेल्या अँड्रोजेन संप्रेरकांना आणखी बळ देतात. तेल आणि मृत पेशी मिळून छिद्र बुजते, आत जंतूंना आसरा मिळतो, सूज येते. ज्यांच्या शरीरात आयजीएफ-1 जन्मतःच फार कमी असते अशा लॅरॉन सिंड्रोमच्या रुग्णांना सहसा मुरूम येत नाहीत, आणि उपचार म्हणून हेच संप्रेरक दिले की त्यांच्यापैकी काहींना ते येऊ लागतात, ही गोष्ट मला या सगळ्या साखळीतला सर्वांत बोलका पुरावा वाटते.

दुधाची गोष्ट इथे विचित्र होते. दुधाने रक्तातली साखर फारशी चढत नाही, पण इन्सुलिन मात्र त्या मानाने पुष्कळ स्रवते, कारण दुधातली प्रथिने, विशेषतः दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली, म्हणजे निवळीतली, इन्सुलिनला स्वतंत्रपणे चालना देतात. वासराला वाढवण्यासाठीच तयार झालेले ते अन्न आहे, तेव्हा त्यात आश्चर्य नाही. व्यायामशाळेत जाणारी मुले जी व्हे प्रोटीनची पावडर घेतात, ती याच निवळीपासून केलेली असते. ती सुरू केल्यावर मुरूम उसळले आणि बंद केल्यावर ओसरले, अशा रुग्णांच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. त्या नोंदी थोड्या आहेत, पण एखाद्या मुलाच्या पाठीवर अचानक मोठाल्या पुळ्या आल्या असतील, तर त्याच्या कपाटातल्या डब्याची चौकशी आधी करावी, एवढे त्यांतून नक्की घेता येते.

कारण पटते म्हणजे परिणाम सिद्ध झाला असे होत नाही. म्हणून आम्ही दोघींनी अभ्यास वाचायला घेतले, आणि त्यातल्या दोन-तीनच गोष्टी इथे सांगण्यासारख्या आहेत.

साखरेच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा 2007 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीतून आला. पंधरा ते पंचवीस वर्षांच्या 43 तरुणांना दोन गटांत विभागले गेले. एका गटाला बारा आठवडे प्रथिने थोडी जास्त आणि सावकाश पचणारे धान्य असा आहार दिला, दुसऱ्याला नेहमीसारखा पिष्टमय आहार. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटातल्या मुलांच्या चेहऱ्यावरचे मुरूम सरासरी साडेतेवीसने कमी झाले. हा आकडा लेखांमधून नेहमी सांगितला जातो. पण भाचीला मी त्याच्या शेजारचा आकडा दाखवला. ज्या मुलांच्या आहारात साखर कमी करण्यासारखे काहीच केले नव्हते, त्यांचेही मुरूम सरासरी बाराने कमी झाले होते. म्हणजे दिसलेल्या सुधारणेतला निम्म्याच्या आसपासचा भाग नुसता काळ गेल्याने, ऋतू बदलल्याने किंवा आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे या जाणिवेने चेहरा नीट धुतल्याने झाला असावा. तुलनेचा गट नसता, तर तो सगळा आहाराच्या नावावर जमा झाला असता. शिवाय आहार बदललेल्या मुलांचे वजनही सरासरी सुमारे तीन किलोने उतरले होते. त्यामुळे गुण साखर कमी केल्याचा की वजन उतरल्याचा, हे त्या चाचणीतून वेगळे करता येत नाही. पुढे कोरियात दहा आठवड्यांच्या एका चाचणीत असाच आहार दिल्यावर त्वचेच्या नमुन्यांत तैलग्रंथी आकाराने लहान झालेल्या दिसल्या, म्हणून साखरेच्या बाजूचे पारडे मला जड वाटते.

दुधाचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. तो बहुतेक सगळा निरीक्षणांतून आलेला आहे. अमेरिकेतल्या 47,355 परिचारिकांना त्यांनी शाळेत असताना काय खाल्ले-प्यायले ते आठवायला सांगितले गेले, आणि तेव्हा डॉक्टरांनी तीव्र मुरुमांचे निदान केले होते का, हेही विचारले गेले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जास्त दूध पिणाऱ्यांमध्ये मुरुमांचे प्रमाण थोडे जास्त दिसले आणि साय काढलेल्या दुधाच्या बाबतीत हा संबंध सर्वांत ठळक होता. इतक्या वर्षांनंतरच्या आठवणींवर किती विसंबायचे, हा प्रश्न कोणीही विचारील. नंतर त्याच संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींच्या आहाराच्या नोंदी वेळच्या वेळी घेतल्या, तिथेही तसाच संबंध दिसला. 2018 साली असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हाही दूध घेणाऱ्यांत मुरुमांची शक्यता साधारण पाव हिश्शाने जास्त आढळली. पण जी मुले जास्त दूध पितात ती आणखी काय काय करतात, त्यांच्या दुधात साखर किंवा चॉकलेटची पावडर किती पडते, ती लवकर वयात येतात का, हे सगळे निरीक्षणात मिसळलेले राहते. दूध देऊन आणि काढून पाहणारी खात्रीची मोठी चाचणी मात्र आमच्या वाचनात आली नाही. यातून माझ्या मनाशी दोन गोष्टी ठरल्या. दूध पूर्ण सोडण्यापेक्षा साय काढलेले दूध घ्यावे, हा आमच्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला या कामाचा नाही. आणि दुधावरचा संशय रास्त असला, तरी तपासाची सुरुवात साखरेपासून करायला हवी.

भाचीचा पहिला आक्षेप चॉकलेटवरून आला. "पण चॉकलेटने काही होत नाही, असं सिद्ध झालंय ना?" 1969 सालचा तो अमेरिकेतला अभ्यास खरोखर आहे आणि डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या त्याचा दाखला देत आल्या. त्यात 65 जणांना चार आठवडे चॉकलेटची वडी आणि चार आठवडे तिच्यासारखी दिसणारी, पण चॉकलेट नसलेली वडी दिली होती. दोन्ही काळांत फरक पडला नाही. मात्र त्या दुसऱ्या वडीत साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तितकेच होते. म्हणजे तुलना चॉकलेटची झाली, साखरेची झालीच नाही. आणि चार आठवडे हा काळही अपुरा होता, कारण आज आरशात दिसणाऱ्या पुळीची सुरुवात कित्येक आठवडे आधी, साधारण दोन महिन्यांच्या आसपास, डोळ्यांना न दिसणाऱ्या बुजलेल्या छिद्रापासून झालेली असते.

ही शेवटची गोष्ट मी तिला दोनदा सांगितली, कारण घरोघरच्या सगळ्या अनुभवांचा गोंधळ तिथेच होतो.

काल आइसक्रीम खाल्ले आणि आज पुळी आली, हे आपल्याला खात्रीचे वाटते, पण आजची पुळी कालच्या आइसक्रीमला बहुधा ओळखतही नाही. आठवडाभर दूध बंद केले आणि चेहरा निवळला, तेही तसेच. मुरूम आपापल्या लयीने वर-खाली होतात. मुलींमध्ये पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर वाढतात आणि पाळीनंतर ओसरतात. आपण उपाय सुरू करतो तो नेमका सर्वांत वाईट दिवशी. सर्वांत वाईट दिवसानंतर बहुतेक वेळा थोडा बरा दिवस येणारच असतो, आणि त्याचे श्रेय त्या आठवड्यात जे सोडले असेल त्याला मिळते. म्हणून आम्ही ठरवले की आधी काहीच बदलायचे नाही. पूर्ण डिसेंबर महिना फक्त मोजायचे.

मोजणीची पद्धत साधी ठेवली. दर रविवारी सकाळी, चेहरा धुऊन अर्धा तास झाल्यावर, पूर्वेच्या खिडकीपाशी उभे राहायचे. चेहऱ्याचे पाच भाग करायचे: कपाळ, दोन गाल, नाक आणि हनुवटी. प्रत्येक भागातले लाल, सुजलेले किंवा पू धरलेले मुरूम एका रकान्यात आणि काळे-पांढरे बारीक ठिपके दुसऱ्या रकान्यात लिहायचे. जुने सपाट डाग मोजायचे नाहीत, कारण ते महिनोन् महिने राहतात आणि आकडा हलू देत नाहीत. फ्लॅश न लावता त्याच जागेवरून तीन छायाचित्रे घ्यायची, आणि एरवी आरशापुढे मोजत बसायचे नाही. मोजणारी तीच आणि पडताळणारी मी. आम्ही दोघी स्वतंत्रपणे छायाचित्रावरून मोजत असू, आणि एक-दोनपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा पाहत असू. तिच्या डॉक्टरांनी दिलेले अडापलीनचे जेल ती सहा-सात महिने रोज रात्री लावत होती. त्याचा परिणाम स्थिरावलेला होता, म्हणून ते तसेच चालू ठेवले. वर्षभर नवा साबण, नवी क्रीम, कपाळावर उतरणारे केसांचे नवे तेल, यांतले काहीही आणायचे नाही, हाही करार झाला.

डिसेंबरच्या चार रविवारी लाल मुरुमांचे आकडे आले चौदा, एकोणीस, अकरा आणि सतरा. तिने ते वहीत लिहिले आणि बराच वेळ पाहत राहिली. काहीही न बदलता एका आठवड्यात एकोणीसचे अकरा झाले होते. त्याच आठवड्यात तिने दूध सोडले असते, तर आजींचे म्हणणे आमच्या घरात कायमचे सिद्ध झाले असते. आम्ही चार आठवड्यांची सरासरी धरायची ठरवली, म्हणजे पाळीचे एक चक्र त्यात पूर्ण बसते. ती सरासरी सव्वापंधरा आली.

जानेवारीपासून साखर. इथे काय काढायचे ते नेमके लिहावे लागले, कारण 'गोड कमी' याचा अर्थ प्रत्येक संध्याकाळी बदलतो. तिच्या दिवसात साखर कुठे आहे हे शोधले, तेव्हा मिठाई त्यात जवळजवळ नव्हतीच. सकाळच्या दुधात चॉकलेटची पावडर होती, तीन चहांत प्रत्येकी दोन चमचे साखर होती, कँटीनची कोल्ड कॉफी होती, नाश्त्याला पाव-जॅम आणि अभ्यास करताना बिस्किटांचा पुडा होता. हे सगळे काढले. चहा बिनसाखरेचा झाला आणि त्या पहिल्या आठवड्यातला तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटले. पाव आणि मैद्याच्या जागी ज्वारीची भाकरी किंवा पोळी आली. भात राहिला, पण एक मूद, वरण आणि भाजीबरोबर. गुरुवारच्या उपासाला साबुदाण्याऐवजी भगर-दाण्याची आमटी आणि दही झाले, आणि भगरही मोजकीच. साखरेऐवजी गूळ चालेल का, असे बहिणीने फोनवर विचारले. गुळाची चव मलाही साखरेहून प्रिय आहे, पण तो बहुतांशी साखरच आहे, म्हणून तोही नाही. संक्रांतीला तिळगूळ मात्र तिने घेतला आणि वहीत तशी नोंद केली. एखाद्या सणाच्या दिवसाने तीन महिन्यांचे चित्र बदलत नाही. आणि दूध पूर्वीइतकेच, सकाळी एक पेला साधे आणि चहातले, तसेच चालू ठेवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक पडला तरी तो कशाने हे कळणार नाही, आणि मग दोन्ही सोडून बसावे लागेल.

जानेवारीची सरासरी सव्वापंधराचीच आली. ती निराश झाली आणि मी होणार नाही असे ठरवले होते, कारण जानेवारीत दिसत असलेले मुरूम डिसेंबरात आणि त्याआधी सुरू झालेले होते. फेब्रुवारीत तेरा. मार्चमध्ये दहा, बारा, आठ आणि अकरा, म्हणजे सव्वादहा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रकान्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. मार्चचा सर्वांत वाईट रविवारही डिसेंबरच्या सर्वांत चांगल्या रविवारच्या जवळपास येऊन ठेपला होता. चेहरा निवळला असे कोणी म्हणाले नसते, कारण जुने डाग तसेच होते. तो बदल वहीत दिसत होता, आरशात अजून नाही.

इथे थांबणे सोपे होते, आणि तिला थांबायचेही होते. पण एप्रिलपासून आम्ही साखर परत आणली, पूर्वीसारखी, मुद्दाम. गेलेली गोष्ट परत आणल्यावर मुरूमही परत आले, तरच संबंध असण्याला वजन येते. ते दिवस आंब्याचे होते, घरात पेटी आली होती, तेव्हा साखर परत आणणे जड गेले नाही. जूनची सरासरी चौदा आली. पण एप्रिल-मेचा उकाडा, घाम आणि परीक्षेची जागरणेही त्याच महिन्यांत होती, त्यामुळे हा एक हेलकावा मी पुरावा म्हणून मोजायला तयार नव्हते. जुलैपासून साखर पुन्हा बंद केली आणि सप्टेंबरात सरासरी अकरावर आली. दोनदा काढली तेव्हा दोनदा उतरली आणि मध्ये परत आणली तेव्हा चढली. एका मुलीच्या चेहऱ्यापुरते, तिला माहीत असलेल्या प्रयोगात, यापेक्षा जास्त खात्री मिळत नाही. कोण काय खात आहे हे लपवून ठेवणे घरात शक्य नसते, आणि अपेक्षेचा हात मोजणीला लागतोच. म्हणून छायाचित्रांच्या कडेची तारीख झाकून ती मिसळून मी पुन्हा मोजली. आकडे थोडे हलले, क्रम तोच राहिला.

दुधाची पाळी ऑक्टोबरात आली. दूध काढणे हे साखर काढण्यासारखे नाही, याचा विचार तिने सुरू करण्याआधीच करावा लागला. साखर सोडून शरीर काही गमावत नाही. दुधाबरोबर मात्र कॅल्शियम आणि बी-12 जाते, आणि ती मांस-अंडी खात नाही. साध्या पेल्यातल्या दोनशे मिलीलीटर दुधातून जेवढे कॅल्शियम मिळते, तेवढे मिळवायला साधारण पासष्ट-सत्तर ग्रॅम नाचणीचे पीठ लागते, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या. ते जमले, वर तिळाची चटणी झाली. बी-12 साठी डॉक्टरांना विचारले. त्यांनी रक्त तपासून रोजची लहान मात्रा दिली, आणि एक गोष्ट सांगितली जी आम्हाला माहीत नव्हती: बी-12 च्या मोठ्या मात्रेने, विशेषतः इंजेक्शननंतर, काहींच्या चेहऱ्यावर एकदम पुळ्या उठतात. आपल्याकडे शाकाहारी घरांत ही इंजेक्शने किती सहज घेतली जातात ते पाहता, दूध सोडून त्याच महिन्यात इंजेक्शनांचा कोर्स घेणारा माणूस आपला प्रयोग स्वतःच बिघडवून बसेल. नवी गोळी सुरू करणे हाही एक बदलच होता, म्हणून ती दूध बंद करण्याच्या एक महिना आधी सुरू केली.

दूध म्हणजे काय, हेही ठरवावे लागले. परदेशी अभ्यासांत रोज दोन-दोन पेले दूध पिणारी मुले आहेत. आपल्याकडचे पुष्कळसे दूध चहात असते. म्हणून चहाही कोरा झाला, आणि दही, ताक, पनीर हेही काढले, कारण अर्धवट काढून 'फरक पडला नाही' म्हणण्यात अर्थ नव्हता. तूप ठेवले, त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. दिवाळीत ती नाशिकला गेली, आणि फराळाचे दोन दिवस वहीत लिहून ठेवले. डिसेंबरअखेर सरासरी आली पावणेदहा. सप्टेंबरच्या अकरापेक्षा सव्वाने कमी. पण काहीही न बदलता तिचे आकडे आठवड्यागणिक पाच ते आठने हलतात, महिन्याची सरासरीही एक-दीडने हलते, तेव्हा या फरकात दूध शोधणे म्हणजे हवे ते दिसेपर्यंत पाहत राहणे झाले असते. तिच्या बाबतीत रोज एक पेला दूध आणि चहा, एवढ्या प्रमाणात, मोजता येण्यासारखा फरक करत नाही, इतकेच मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. दुसऱ्या एखाद्या मुलीच्या वहीत हे उलटे येऊ शकेल.

या वर्षात मला सर्वांत जास्त भीती आकड्यांची नव्हती. खाण्याकडे संशयाने बघण्याची सवय एकोणीस वर्षांच्या मुलीला लागते का, याची होती. ती एकदा वाढदिवसाच्या पार्टीला जायचे टाळू लागली, तेव्हा आम्ही वही बंद करून दोन आठवडे सोडून दिले होते. जी मुलगी आधीच कमी जेवते, वजनाच्या चिंतेत असते, तिच्या हाती अशी वही मी देणार नाही. आणि ज्यांच्या चेहऱ्यावर खोल, दुखऱ्या गाठी आणि खड्डे पडत आहेत, किंवा पाळी अनियमित होऊन हनुवटीवर जाड केस येत आहेत, त्यांनी बारा आठवडे आहार तपासण्यात घालवू नयेत. खड्डे भरून येत नाहीत, तिथे आधी डॉक्टर. भाचीचे जेलही या सगळ्या काळात एक दिवस थांबले नव्हते, आणि तिच्या चेहऱ्याची जी स्थिती आहे तिच्यात मोठा वाटा त्याचाच आहे, असे तिचे डॉक्टर म्हणतात. मला ते पटते. साखर काढून तिच्या लाल मुरुमांतले तीनातले एक गेले. उरलेले दोन आहाराने गेले नाहीत.

जानेवारीपासून तिचे दूध पुन्हा सुरू झाले, दहीही, आणि दही परत आल्याचा आनंद तिला सर्वांत जास्त झाला. साखर तिने स्वतःच कमी ठेवली आहे. आता तिला एक बारीक प्रश्न पडला आहे: दिवसाकाठी सहा चमचे साखरेचा तो चहा तिला सर्वांत जास्त आठवतो, कोल्ड कॉफी आणि बिस्किटे फारशी नाहीत. तेव्हा बाकी सगळे बंदच ठेवून फक्त चहातली साखर, कपाला एक चमचा, परत आणली तर चालेल का? मी तिला तीन महिने आणि दर रविवारचे तेच पाच भाग सांगितले. पहिल्या महिन्याच्या आकड्यावरून काही ठरवायचे नाही, तिसऱ्या महिन्याची सरासरी अकराच्या आसपास राहिली तर चहा गोड करायचा, तेरा-चौदाकडे सरकली तर नाही. हा आकडा तिने मोजणी सुरू करण्याआधीच वहीत लिहून ठेवला आहे, म्हणजे नंतर चहाच्या ओढीने तो बदलता येणार नाही.